ईसॉपचे शेअर विकायचे आहेत: खरेदीची किंमत कोणती धरायची?

मुग्धा_बाणेर | 9 डिसेंबर 2024

नमस्कार मंडळी. जुन्या कंपनीचे ईसॉप आहेत, म्हणजे नोकरीत ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचे ऑप्शन, त्याबद्दल विचारायचंय. कंपनी तेव्हा खाजगी होती. नोकरी सोडताना व्हेस्ट झालेले, म्हणजे हक्काचे झालेले ऑप्शन ठरावीक मुदतीत एक्सरसाइज करा, म्हणजे पैसे भरून शेअर घ्या, नाहीतर विसरा, असं होतं. 20 मार्च 2023 ला अर्ज दिला, 50 रुपये एक्सरसाइज प्राइसप्रमाणे 15,000 रुपये भरले आणि वर करापोटी म्हणून जवळजवळ सव्वादोन लाख भरले. हातात एक कागद आणि खात्यातून अडीच लाख कमी, अशी अवस्था. शेअर अलॉट झाल्याचं पत्र 12 एप्रिलचं आहे.

यंदा ऑगस्टमध्ये कंपनीचा आयपीओ आला. भाव सध्या 1,600 च्या आसपास आहे. डिमॅटला 600 शेअर दिसतात, सगळे मोकळे, लॉक-इन वगैरे काही नाही. जानेवारीअखेर फ्लॅटचा मोठा हप्ता आहे, सात लाखांचा, त्यामुळे सगळे विकून टाकावेत असा विचार आहे.

अडचण अशी की ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये खरेदीच्या किमतीच्या जागी रिकामं आहे, "तुम्ही भरा" म्हणतं. दादा म्हणतो 50 टाक, तेवढेच दिलेस ना. मग 1,550 रुपये प्रत्येक शेअरमागे नफा होतो. पण मग मी आधी भरलेले सव्वादोन लाख कशाचे होते? एकाच पैशावर दोनदा कर?

---

पक्या_ठाणे | 9 डिसेंबर 2024

दादा बरोबर आहे. खिशातून गेले 50, तर खरेदी 50. आधीचा कर पगारावरचा होता, हा भांडवली नफ्यावरचा. खाती वेगळी, कर वेगळा. सरकार आहे, दोनदा घेणारच.

आणि एक, तुम्ही घेतलेत तेव्हा शेअर अनलिस्टेड होता. अनलिस्टेडला 24 महिने लागतात लाँग टर्म व्हायला. एप्रिल 2023 पासून 24 महिने म्हणजे एप्रिल 2025. आत्ता विकलेत तर शॉर्ट टर्म. मी असतो तर थांबलो असतो.

---

रेवती_कॅलिफोर्निया | 10 डिसेंबर 2024

मुग्धा, एक्सरसाइजच्या वेळी तुझ्याकडून कर कसा काय घेतला? माझे आयएसओ, म्हणजे अमेरिकेतले सवलतीचे ऑप्शन होते, एक्सरसाइज केले तेव्हा कंपनीने एक डॉलर कापला नव्हता. फक्त एएमटी या पर्यायी किमान कराचं गणित करावं लागलं. ग्रँटपासून दोन वर्षं आणि एक्सरसाइजपासून एक वर्ष धरून ठेवले की सगळा फरक लाँग टर्म गेनमध्ये जातो. कंपनीच्या पेरोलने गोंधळ घातलाय का बघ, परतावा मिळेल.

---

धनंजय_का | 10 डिसेंबर 2024

रेवतीताई, तुमचं म्हणणं तिकडच्या कायद्याप्रमाणे बरोबर आहे. भारतात ऑप्शनची अशी सवलतीची वेगळी जात नाही. इथे एक्सरसाइजच्या दिवशीची बाजारभावाची किंमत वजा कर्मचाऱ्याने भरलेली किंमत, हा फरक पर्क्विझिट म्हणून सरळ पगारात धरतात आणि त्यावर टीडीएस कापतात. नोकरी सोडलेली असली तरी तो जुन्या मालकाकडून मिळालेला पगारच. पेरोलने गोंधळ घातलेला नाही.

मुग्धाताई, दादाचं आणि पक्याचं 50 रुपयांचं गणित मात्र चूक आहे. ज्या फरकावर तुम्ही पगार म्हणून कर भरलात, तो फरक विक्रीच्या वेळी पुन्हा नफा म्हणून मोजत नाहीत. कायद्यात त्यासाठी 49 (2AA) हे स्वतंत्र कलम आहे: पर्क्विझिट काढताना जी बाजारभावाची किंमत धरली, तीच विक्रीच्या वेळी तुमची खरेदीची किंमत. खिशातून किती गेले याच्याशी संबंध नाही.

आता ती किंमत कुठे सापडेल? कंपनी लिस्टेड असती तर एक्सरसाइजच्या दिवशीचा एक्सचेंजवरचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाव यांची सरासरी घेतली असती. तुमची खाजगी होती, म्हणजे मर्चंट बँकरचा मूल्यांकन अहवाल असणार. तो अहवाल अगदी त्याच दिवसाचा लागतो असं नाही, आधीच्या 180 दिवसांतला चालतो. अलॉटमेंटच्या पत्रात किंवा एचआरच्या ईमेलमध्ये प्रति शेअर आकडा असेल. नसेल तर फॉर्म 12BA काढा, त्यात पर्क्विझिटची एकूण रक्कम असते.

हा फॉर्म 2023-24 चा बघा, 2022-23 चा नव्हे. तुम्ही अर्ज 20 मार्चला दिलात, पण शेअर 12 एप्रिलला अलॉट झाले. किंमत 20 मार्चची धरतात, कर मात्र अलॉटमेंटच्या वर्षात लागतो. धारणकाळही 12 एप्रिलपासूनच सुरू होतो. बरेच जण चुकीच्या वर्षाचा फॉर्म 16 उघडतात आणि "माझ्या फॉर्ममध्ये ईसॉप दिसतच नाही" म्हणून घाबरतात.

पक्या, 24 महिन्यांचंही तसं नाही. घेताना शेअर काय होता ते पाहत नाहीत, विकताना काय आहे ते पाहतात. विकताना तो इथल्या एक्सचेंजवर लिस्टेड आहे, म्हणून 12 महिने पुरे. अनलिस्टेड असतानाचा काळसुद्धा त्यात मोजला जातो. एप्रिल 2023 ला अलॉट झालेले शेअर आज लाँग टर्मच आहेत.

पण मुग्धाताई, एक गोष्ट जुळत नाही. 50 रुपयांनी 15,000 भरलेत म्हणजे 300 शेअर झाले. डिमॅटमध्ये 600 कसे? ते कळल्याशिवाय एकही शेअर विकू नका.

---

पक्या_ठाणे | 10 डिसेंबर 2024

24 चं मान्य. 50 चं अजून पटलं नाही, पण कलम क्रमांकच दिलात म्हटल्यावर गप्प बसतो. 🙂

---

मुग्धा_बाणेर | 10 डिसेंबर 2024

धनंजयकाका, सगळे कागद शोधले. पत्रात 20 मार्च 2023 ची किंमत 2,450 रुपये आहे, शेअर 300. फॉर्म 12BA मध्ये 7,20,000. म्हणजे 2,400 गुणिले 300, जुळतंय. कर 2,24,640 कापलाय.

आणि 600 चं कोडं सुटलं. आयपीओच्या आधी कंपनीने एकास एक बोनस दिला होता. 20 फेब्रुवारी 2024 ला 300 बोनस शेअर अलॉट झाले, ते त्याच आठवड्यात डिमॅटला आले. मूळ 300 मे 2023 पासून डिमॅटला आहेत. ईमेल आला होता, मी तेव्हा नुसतंच "वा" म्हटलं होतं.

यामुळे काही फरक पडतो का? किंमत 2,450 आणि भाव 1,600 म्हणजे मला तोटाच झाला असं धरायचं का? तसं असेल तर करच नाही!

---

धनंजय_का | 10 डिसेंबर 2024

फरक पडतो, आणि भरपूर पडतो. बरं झालं विकायच्या आधी विचारलंत.

तुमच्याकडे शेअरचे दोन गट आहेत असं समजा. पहिला गट मूळ 300. त्यांची खरेदी 2,450, तारीख 12 एप्रिल 2023. आज 1,600 ने विकले तर 4,80,000 येतात, खरेदी 7,35,000. तोटा 2,55,000, आणि वर्ष उलटून गेल्यामुळे तो लाँग टर्म तोटा.

दुसरा गट बोनसचे 300. बोनसची खरेदीची किंमत शून्य धरतात. तारीख त्यांच्या स्वतःच्या अलॉटमेंटची, म्हणजे 20 फेब्रुवारी 2024. आज विकले तर दहाच महिने झालेत. 4,80,000 च्या 4,80,000 शॉर्ट टर्म नफा. 23 जुलैपासून त्यावरचा दर 20 टक्के झालाय, वर सेस. 99,840 रुपये कर.

तुम्ही म्हणाल तोटा आणि नफा एकमेकांत वळते करू. इथेच गाडी अडते. लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून वजा होतो, शॉर्ट टर्ममधून नाही. म्हणजे एकाच कंपनीचे शेअर, एकाच दिवशी विकलेत, एका बाजूला अडीच लाखांचा तोटा, दुसऱ्या बाजूला पावणेपाच लाखांचा नफा, आणि कर पूर्ण नफ्यावर. तोटा पुढची आठ वर्षं कागदावर नेत बसायचा.

आता हेच शेअर तुम्ही 20 फेब्रुवारी 2025 उलटल्यावर विकलेत असं धरू, भाव तोच. दोन्ही गट लाँग टर्म. 4,80,000 नफ्यातून 2,55,000 तोटा गेला, राहिले 2,25,000. त्यातले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या एका लाखावर साडेबारा टक्के, सेस धरून 13,000 रुपये.

99,840 आणि 13,000. मध्ये अंतर सव्वादोन महिन्यांचं.

---

पक्या_ठाणे | 10 डिसेंबर 2024

काका, उगाच दोन गट कशाला? एकास एक बोनस म्हणजे 2,450 चे दोन तुकडे, 1,225 प्रत्येकी. माझ्या अ‍ॅपमध्ये बोनस आला की सरासरी आपोआप निम्मी होते. 1,600 वजा 1,225 म्हणजे 375, गुणिले 600, म्हणजे तुमचेच 2,25,000. सगळं लाँग टर्म. आजच विका, 13,000 भरा, मोकळे व्हा.

---

धनंजय_का | 11 डिसेंबर 2024

पक्या, तू जे सांगतोयस ते स्प्लिटला लागू आहे. दर्शनी मूल्य 10 चं 5 केलं असतं तर किंमत निम्मी झाली असती आणि तारीख मूळचीच राहिली असती. बोनसला कायदा तसं करू देत नाही. मूळ शेअरची किंमत आहे तशीच राहते आणि बोनसची शून्य. अ‍ॅपमधली सरासरी तुला एकूण किती कमाई झाली ते दाखवायला असते. विवरणपत्रात ती उतरवली तर चुकेल. चांगल्या ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये बोनस शून्यानेच येतो. तुझा होल्डिंगचा पडदा आणि टॅक्स रिपोर्ट दोन्ही शेजारी ठेवून बघ एकदा.

आणि उत्तर योगायोगाने सारखं आलं म्हणून फसू नकोस. एकूण नफा दोन्हीकडे सारखाच येणार, बेरीजच ती आहे. कोणत्या तारखेचा नफा आणि कोणत्या तारखेचा तोटा, यावर कर ठरतो.

---

विदर्भी_मिसळ | 11 डिसेंबर 2024

मुग्धाताईंचं निदान नफ्यात तरी आहे. माझं ऐका. कंपनी आधीपासून लिस्टेड. जानेवारीत एक्सरसाइज केले, 200 शेअर, 100 रुपये प्राइस, त्या दिवशीचा भाव 1,500. 2,80,000 पगारात धरले, 87,360 कर कापला. आज भाव 900. म्हणजे जो पैसा मला कधी दिसलाच नाही त्यावर कर भरून बसलो. पगार कमी झाला म्हणून सुधारित विवरणपत्र भरून परतावा मागता येत नाही का? सीएला विचारलं तर तो हसला.

---

धनंजय_का | 11 डिसेंबर 2024

हसणं बरं नव्हे, पण उत्तर नाहीच आहे. पगाराचा भाग एक्सरसाइजच्या दिवशीच्या भावाने पक्का होतो. नंतर शेअर शून्यावर गेला तरी तो आकडा खाली येत नाही. पुढची घसरण भांडवली तोटा म्हणून मोजतात, आणि भांडवली तोटा पगारातून वजा होत नाही.

मात्र तुमच्याकडे अजून एक गोष्ट शिल्लक आहे. अलॉटमेंटची नेमकी तारीख काय? आणि यंदा दुसरीकडे कुठे भांडवली नफा झालाय का?

---

विदर्भी_मिसळ | 11 डिसेंबर 2024

अलॉटमेंट 15 जानेवारी 2024. यंदा ऑक्टोबरमध्ये इक्विटी म्युच्युअल फंड विकले, वर्ष झालं नव्हतं, 70,000 नफा.

---

धनंजय_का | 11 डिसेंबर 2024

मग तुमचं घड्याळ मुग्धाताईंच्या उलट चालतं. 15 जानेवारी 2025 च्या आत विकलेत तर 600 रुपयांनी 200 शेअर, 1,20,000 चा शॉर्ट टर्म तोटा. तो कोणत्याही भांडवली नफ्यातून जातो. फंडाचे 70,000 पुसले जातील, म्हणजे 14,560 रुपये कर वाचेल, आणि 50,000 तोटा पुढे जाईल. 15 जानेवारीनंतर विकलेत तर तोच तोटा लाँग टर्म होईल आणि फंडाच्या त्या नफ्याला हातही लावू शकणार नाही.

तोटा पुढे न्यायचा तर विवरणपत्र मुदतीत, म्हणजे 31 जुलैच्या आत भरा. उशिरा भरलं तर यंदाच्या नफ्यातून वजा होईल, उरलेला पुढे जाणार नाही.

कंपनीवर विश्वास असून पुन्हा घ्यायचे असतील तर त्याच दिवशी घेऊ नका, व्यवहार इंट्राडे होऊन बसेल. आणि अजून तिथेच नोकरीला असाल तर विकायच्या आधी ट्रेडिंग विंडो, म्हणजे कर्मचाऱ्यांना शेअर विकायची मुभा, उघडी आहे का ते कंपनीच्या कंप्लायन्सवाल्यांना विचारा. डिसेंबर संपला की तिमाही निकाल लागेपर्यंत ती बंद असते. म्हणजे तुम्हाला खरं तर 31 डिसेंबरच आहे.

---

विदर्भी_मिसळ | 11 डिसेंबर 2024

हे विंडोचं डोक्यातच नव्हतं. तिथेच आहे नोकरीला. 31 च्या आत उरकतो. धन्यवाद काका, 87,360 गेले ते गेले, निदान 14,560 तरी सावजीला उरतील.

---

ओंकार_बंगळुरू | 11 डिसेंबर 2024

एक प्रश्न. 2020 च्या बजेटमध्ये स्टार्टअपच्या ईसॉपवरचा कर पाच वर्षं पुढे ढकलला ना? मुग्धाची कंपनी तेव्हा स्टार्टअप असेल तर तिने तो कर 2023 मध्ये भरायलाच नको होता. आमची कंपनी डीपीआयआयटीची, म्हणजे सरकारची स्टार्टअप म्हणून नोंदणी असलेली आहे, म्हणून मी तर निर्धास्तपणे एक्सरसाइज करणार आहे, शेअर विकेपर्यंत कर नाही.

---

धनंजय_का | 11 डिसेंबर 2024

ओंकार, निर्धास्त होऊ नका. नुसती डीपीआयआयटीची नोंदणी पुरत नाही. कंपनीकडे स्टार्टअपच्या करसवलतीच्या 80-IAC या कलमासाठीचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र हवं. नोंदणी असलेल्या स्टार्टअपपैकी ते थोड्यांकडेच असतं. एचआरला "आपण स्टार्टअप आहोत का" असं विचारू नका, "आपल्याकडे 80-IAC चं प्रमाणपत्र आहे का" असं विचारा. नसेल तर अलॉटमेंटच्या महिन्यातच टीडीएस कापावा लागेल.

प्रमाणपत्र असलं तरी कर माफ नाही, फक्त पुढे जातो. तीन गोष्टींपैकी जी आधी घडेल तिच्यापासून 14 दिवसांत भरायचा: शेअर विकले, नोकरी सोडली, किंवा अलॉटमेंटचं जे आकारणी वर्ष ते संपून 48 महिने झाले. दर अलॉटमेंटच्या वर्षाचाच आणि किंमतही तेव्हाचीच. भाव पडला तरी सुटका नाही. आणि मधली अट बघा, नोकरी सोडली की लगेच. मुग्धाताईंनी नोकरी सोडतानाच एक्सरसाइज केलं होतं, त्यांना या सवलतीचा तसाही उपयोग नव्हता.

---

ओंकार_बंगळुरू | 12 डिसेंबर 2024

विचारलं. फायनान्सवाली म्हणाली अर्ज केला होता, मिळालं नाही. म्हणजे एक्सरसाइज केलं तर साडेचार लाख रोख उभे करावे लागतील, आणि शेअर विकायला बाजार नाही. तूर्त ऑप्शन तसेच ठेवतो.

---

अश्विनी_जोग | 12 डिसेंबर 2024

मुग्धा, तू घर घेतेयस ना? मग 54F विसरू नकोस. शेअर विकून घरात पैसे घातले की भांडवली नफ्यावर कर नाही. माझ्या नणंदेने तसंच केलं. फेब्रुवारीपर्यंत थांबायची काही गरज नाही.

---

धनंजय_का | 12 डिसेंबर 2024

54F फक्त लाँग टर्म नफ्याला आहे. मुग्धाताईंचा आजचा त्रास शॉर्ट टर्मचा आहे, त्याला 54F मधून एक रुपया मिळणार नाही. फेब्रुवारीनंतर तो लाँग टर्म होईल तेव्हा विचार करता येईल, पण तेव्हा करच 13,000 असेल. त्यासाठी घराच्या अटी सांभाळायच्या का, ते त्यांनी ठरवावं.

---

मुग्धा_बाणेर | 12 डिसेंबर 2024

सगळ्यांचे आभार, डोकं गरगरतंय पण कळलं. आता खरी अडचण. हप्ता जानेवारीअखेर आहे, बोनसचं वर्ष 20 फेब्रुवारीला भरतं. आणि नवीन लिस्ट झालेला शेअर, फेब्रुवारीत 1,200 झाला तर? कर वाचवायच्या नादात भाव घालवला असं नको व्हायला.

---

धनंजय_का | 12 डिसेंबर 2024

रास्त शंका आहे. मग सगळे 600 एकदम विकायचा हट्ट सोडा.

मूळ 300 आज विकायला काहीच हरकत नाही. त्यांच्यात तोटाच आहे, आणि लाँग टर्म आहे. डिमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला गेला असं धरतात. तुमचे मूळ शेअर मे 2023 ला आलेत, बोनस फेब्रुवारी 2024 ला. म्हणजे त्या खात्यातून 300 विकलेत की ते मूळच विकले गेले. वेगळं काही निवडावं लागत नाही. 4,80,000 हातात येतील, आणि 2,55,000 चा तोटा याच आर्थिक वर्षात नोंदला जाईल. बोनसचे 300 फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात किंवा मार्चमध्ये विकलेत तर तोच तोटा त्यांच्यातून वजा होईल. 20 तारखेलाच विकायची घाई करू नका, बारा महिन्यांपेक्षा जास्त व्हायला हवेत. दोन-चार दिवस जाऊ द्या.

भाव पडण्याचं म्हणाल तर हिशोब असा. बोनसचे 300 आज विकलेत तर कर जाऊन 3,80,160 उरतात. फेब्रुवारीत साधारण 1,267 चा भाव मिळाला तरी तेवढेच उरतात, कारण त्या भावाला कर जवळजवळ शून्य होतो. म्हणजे 1,600 वरून 333 रुपये घसरला तरी तुमचं नुकसान नाही. त्याखाली गेला तर थांबणं महागात पडलं. एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं: आज सगळे विकलेत तर 2,55,000 चा तोटा आठ वर्षं वापरता येतो. पुढे दुसरीकडे लाँग टर्म नफा होणार असेल तर त्यालाही किंमत आहे. तेवढ्याने तुलना थोडी आजच्या विक्रीकडे झुकते. माझ्या मते तरीही थांबणंच बरं, पण शेअर माझे नाहीत.

---

पक्या_ठाणे | 12 डिसेंबर 2024

उरलेले सव्वादोन लाख बँकेकडून शेअर तारण ठेवून घ्या ना. 300 शेअर आहेतच. दीड-दोन महिन्यांचं व्याज, वीस हजारांत नक्की बसेल, कमीच लागेल.

---

धनंजय_का | 12 डिसेंबर 2024

पक्या, हे मात्र चांगलं सुचवलंस. बँका साधारण निम्म्या किमतीपर्यंत देतात, 4,80,000 वर 2,40,000 म्हणजे काठावर बसतं. पण बँकेच्या मंजूर यादीत शेअर हवा, आणि चार महिन्यांपूर्वी लिस्ट झालेला त्यात नसण्याची शक्यता बरीच आहे. आधी फोन करून विचारा. नाहीच जमलं तर गरजेपुरतेच बोनस शेअर विका. आज विकलेल्या प्रत्येक बोनस शेअरमागे 333 रुपये कर जातो एवढं डोक्यात ठेवा.

---

शलाका_एम | 13 डिसेंबर 2024

मधेच घुसते. माझे ऑप्शन व्हेस्ट झाले होते, एक्सरसाइज केलेच नाहीत. कंपनीने एक धंदा वेगळा काढला, ऑप्शनचं मूल्य घटलं म्हणून प्रति ऑप्शन रोख भरपाई दिली आणि पगार म्हणून टीडीएस कापला. मला शेअर मिळालाच नाही, मग पर्क्विझिट कसलं? मैत्रीण म्हणते दिल्लीच्या निकालाचा आधार घेऊन परतावा माग.

---

धनंजय_का | 13 डिसेंबर 2024

मैत्रीण ज्याबद्दल बोलतेय ते फ्लिपकार्टच्या सिंगापूरच्या कंपनीचं प्रकरण. फोनपे वेगळी झाली तेव्हा ऑप्शनधारकांना अशीच भरपाई मिळाली होती. यंदाच दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की ऑप्शन एक्सरसाइजच झाला नाही तर पर्क्विझिट मोजताच येत नाही, भरपाई भांडवली स्वरूपाची आहे. आणि यंदाच मद्रास उच्च न्यायालयाने त्याच भरपाईबद्दल नेमकं उलट म्हटलं, हा पगाराचाच भाग आहे. दोन उच्च न्यायालयं, एकच रक्कम, दोन उत्तरं.

---

शलाका_एम | 13 डिसेंबर 2024

मी पुण्यात आहे. मला कोणतं लागू?

---

धनंजय_का | 13 डिसेंबर 2024

दोन्हीपैकी कोणतंही तुमच्या अधिकाऱ्यावर थेट बंधनकारक नाही. परतावा मागितलात तर छाननी येईल असं धरूनच मागा. रक्कम मोठी असेल तर भरपाईचं पत्र आणि योजनेचा मूळ मसुदा घेऊन वकिलाकडे जा. भरपाई "ऐच्छिक" होती की योजनेप्रमाणे देणं भाग होतं, यावर बरंच अवलंबून आहे. दिल्लीने त्यालाच वजन दिलं होतं.

---

पक्या_ठाणे | 13 डिसेंबर 2024

मी तर मागितलाच असता.

---

मुग्धा_बाणेर | 18 डिसेंबर 2024

कळवायला आले. मूळ 300 काल विकले, 1,612 ला गेले. बँकेच्या यादीत शेअर नाही, काकांचा अंदाज खरा. दादा सव्वादोन लाख उसने देतोय मार्चपर्यंत, 50 रुपये टाकायला सांगितल्याची भरपाई म्हणून. 😄

ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये मूळ शेअरला 2,450 भरलं, तारीख 12 एप्रिल 2023 टाकली. एकच विचारायचं राहिलं. बोनस मार्चमध्ये विकले तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागेल का? पगारावर टीडीएस पूर्ण कापला जातो.

---

धनंजय_का | 18 डिसेंबर 2024

टीडीएस वजा जाऊन उरलेला कर 10,000 किंवा जास्त होत असेल तर लागतो, आणि तुमचा 13,000 च्या आसपास येतोय. 15 मार्चच्या आत विकलेत तर 15 मार्चपर्यंत भरा, नंतर विकलेत तर 31 मार्चपर्यंत. किंवा नव्या कंपनीच्या पेरोलला हा नफा कळवा, ते मार्चच्या पगारातून कापून घेतील.

जुलैमध्ये एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचा तुमच्या व्यवहारांचा तक्ता उघडाल तेव्हा या विक्रीसमोर खरेदीची किंमत भलतीच दिसली तर दचकू नका. तिथे फीडबॅक देऊन दुरुस्ती सुचवता येते. विवरणपत्रात 2,450 च टाका. अलॉटमेंटचं पत्र, फॉर्म 12BA आणि बोनस जमा झालेल्या महिन्याचं डिमॅट स्टेटमेंट एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नोटीस आली तर हेच तीन कागद मागतील.